पंधरा मिनिटांचा नकाशा मोठा कसा काढावा
(नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

काम साधारण असे येते. गुरुवारी दुपारी फोन वाजतो आणि पलीकडून सांगतात, "करमाडला रुग्णवाहिकेचं स्थानक प्रस्तावित आहे. तिथून पंधरा मिनिटांत कुठवर पोचता येईल, त्याचा नकाशा पाहिजे. उद्या मीटिंग आहे. रंगीत काढा." तुम्ही "हो साहेब" म्हणता, फोन ठेवता आणि मग संगणकासमोर बसून विचार करता, की पंधरा मिनिटे नकाशावर दिसतात तरी कशी?

या प्रश्नाला 'सेवाक्षेत्र काढणे' म्हणतात. एका ठिकाणाहून निघून ठरलेल्या वेळात रस्त्याच्या ज्या ज्या तुकड्यापर्यंत गाडी पोचते, ते सगळे तुकडे मिळून सेवाक्षेत्र. व्याख्या एवढीच. पुढचे सगळे कौशल्य नकाशा मोठा दिसण्यात आहे. मीटिंगमध्ये मोठ्या नकाशावर कोणी शंका काढत नाही, हे मी स्वतः काही नकाशे मोठे काढून शिकलो आहे. ते ज्ञान खाली पायरीपायरीने देतो आहे. प्रत्येक पायरीवर नकाशा लहान करू पाहणारी एक शंका येईल. ती ऐकायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

पायरी १ : भाकरी थापा

परकार घ्या. जालना रोडवर रुग्णवाहिका ताशी ६० किलोमीटरने जाते असे धरा. पंधरा मिनिटे म्हणजे पाव तास, म्हणजे १५ किलोमीटर. करमाडवर परकाराचे टोक रोवा आणि १५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. क्षेत्रफळ येते ७०७ चौरस किलोमीटर. वर लाडसावंगी, खाली पिंप्रीराजा, पश्चिमेला शेंद्रा, पूर्वेला बदनापूरच्या दिशेने थेट जालना जिल्ह्याची हद्द. एका झटक्यात एवढी गावे सुखी करणारे दुसरे अवजार शासनाकडे नाही.

वर्तुळाचा दोष एकच, पण तो मोठा आहे. परकार कापसाच्या शेतातून, विहिरीवरून आणि लोकांच्या घरांवरून सरळ जातो. रुग्णवाहिकेला हे जमत नाही, तिला रस्त्याने जावे लागते. रस्ते उभे-आडवे चौकटीसारखे असतील तर तिरप्या दिशेच्या गावाला आधी पूर्वेकडे आणि मग उत्तरेकडे असे दोन बाजूंनी जावे लागते. अशा चौकटीत १५ किलोमीटरच्या आत येणारा भाग गोल राहत नाही, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनासारखा होतो. भाकरीची शंकरपाळी होते. तिचे क्षेत्रफळ ४५० चौरस किलोमीटर. सगळे रस्ते अगदी ताशी ६० चे धरले तरी २५७ चौरस किलोमीटर गेले ते गेलेच.

पायरी २ : सगळ्या रस्त्यांना एकच वेग द्या

शंकरपाळी नको असेल, तर निदान वेगाबाबत उदार राहा. रस्त्यांचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपवरून फुकट मिळतो. QGIS मध्ये तो उतरवून घेतला, की प्रत्येक रस्त्याच्या नोंदीत `highway` नावाचा रकाना दिसतो. `trunk`, `tertiary`, `track` अशा शब्दांत त्यात रस्त्याची जात लिहिलेली असते. वेगाचाही `maxspeed` नावाचा रकाना असतो आणि आपल्या ग्रामीण भागात तो बहुधा रिकामा असतो. नवशिक्याने तो रिकामाच ठेवावा. QGIS ला वेग सापडला नाही, की ते स्वतःच्या मनाने एक ठरलेला वेग घालते, आणि तो ताशी ५० असतो. म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या पांदण रस्त्यावरूनही तुमची रुग्णवाहिका ताशी ५० ने पळते. नकाशा फुगतो आणि कोणीच काही चुकीचे केलेले नसते.

ज्याला वेग खरा घालायचा आहे, त्याने `veg` नावाचा नवा रकाना तयार करून त्यात असे सूत्र लिहावे:

```
CASE
  WHEN "highway" = 'motorway' THEN 80
  WHEN "highway" IN ('trunk','primary') THEN 60
  WHEN "highway" = 'secondary' THEN 45
  WHEN "highway" IN ('tertiary','unclassified') THEN 30
  WHEN "highway" = 'residential' THEN 15
  ELSE 12
END
```

हे आकडे मी धड्यासाठी धरले आहेत. तुमचे आकडे तुम्हीच मिळवायचे आणि त्याला दोनच मार्ग आहेत. एक, मोटारसायकल काढून चार रस्त्यांवर घड्याळ लावून फिरणे. दोन, काळी-पिवळीच्या चालकाला चहा पाजणे. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि जास्त माहिती देतो. कारण चालक वेग सांगत नाही, अटी सांगतो. "एरवी दहा मिनिटं. कंपनी सुटायच्या टायमाला शेंद्र्याकडं वीस. बाजाराच्या दिवशी विचारूच नका." शेवटचे वाक्य कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून त्या दिवसाचा वेगळा नकाशा काढावा लागतो.

आता शंकरपाळीचे काय होते ते पाहा. जालना रोड ताशी ६० चा ठेवू आणि त्याला फुटणारे गावरस्ते ताशी ३० चे. पंधरा मिनिटांत हमरस्त्याने पूर्व-पश्चिम १५ किलोमीटर जाता येते, पण उत्तर-दक्षिण फक्त साडेसात. शंकरपाळी रस्त्याच्या अंगाने लांब आणि आडव्या अंगाने चपटी होते. क्षेत्रफळ बरोबर निम्मे, २२५ चौरस किलोमीटर. वरच्या बाजूची लाडसावंगी आणि खालच्या बाजूची पिंप्रीराजा आता काठावर किंवा काठाबाहेर जायला लागतात. रस्त्यावरच्या गावांचे काही बिघडत नाही. ज्यांच्या दारात आधीच गाडी उभी राहते, त्यांच्याच दारात ती लवकर जाते.

पायरी ३ : गणित संगणकावर सोडा

हे तुम्ही करणारच आहात. पण एकदा हाताने करून पाहिले, तर पुढे संगणक चुकला तेव्हा ओळखता येते.

संगणक जी रीत वापरतो, ती डच गणितज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांची. १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेले असता दमून एका कॅफेत बसले, आणि कागद-पेन्सिल न घेता साधारण वीस मिनिटांत ही रीत सुचली, असे त्यांनीच नंतर सांगितले. ती छापून आली १९५९ मध्ये. म्हणजे जगभरच्या रुग्णवाहिकांच्या पंधरा मिनिटांचा हिशेब एका वीस मिनिटांच्या विश्रांतीवर उभा आहे.

धड्यापुरते एक छोटे जाळे घेऊ. स्थानकातून दोन वाटा निघतात. पहिली गावातून चौकाकडे: २ किलोमीटर, वेग ताशी ३०, वेळ ४ मिनिटे. दुसरी हमरस्त्याने फाट्याकडे: ६ किलोमीटर, वेग ६०, वेळ ६ मिनिटे. चौकापासून एक गाव ५ किलोमीटरवर आहे, वेग ३०, वेळ १० मिनिटे. तेच गाव फाट्यापासून ३ किलोमीटरवर, वेग ३०, वेळ ६ मिनिटे. गावाच्या पुढे १ किलोमीटरच्या पांदणीवर एक शेतवस्ती, वेग १२, वेळ ५ मिनिटे.

रीत अशी. जिथे सर्वांत कमी वेळात पोचता येते, ते ठिकाण आधी पक्के करायचे. मग तिथून पुढे कुठे जाता येते ते पाहून शेजाऱ्यांच्या वेळा लिहायच्या. आधी लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ मिळाली, तर जुनी खोडून नवी लिहायची.

सुरुवातीला वहीत चौक ४, फाटा ६. चौक सर्वांत जवळ, म्हणून तो पक्का. तिथून गाव ४ अधिक १०, म्हणजे १४. लिहा. आता उरलेल्यांत फाटा सर्वांत कमी, ६. तो पक्का. तिथून गाव ६ अधिक ६, म्हणजे १२. चौदा खोडा, बारा लिहा. गाव पक्के झाले १२ मिनिटांवर. तिथून वस्ती १७.

इथे दोन गोष्टी डोळ्यांसमोर घडल्या. चौकातून गाव ७ किलोमीटर होते आणि फाट्यावरून ९. तरी गाडी लांबच्या रस्त्याने लवकर पोचली. म्हणून QGIS मध्ये `Path type to calculate` या जागी `Shortest` नाही, `Fastest` निवडायचे असते. दुसरी गोष्ट अशी, की पंधरा मिनिटांची मर्यादा वस्तीच्या वाटेतच संपते. गावानंतर तीन मिनिटे उरली, ताशी १२ ने त्यात ६०० मीटर होतात. गाडी पांदणीत थांबते आणि वस्ती ४०० मीटर पुढे राहते. हे ४०० मीटर लक्षात ठेवा.

पायरी ४ : १५ लिहा आणि बटण दाबा

आता खरे अवजार. QGIS च्या `Processing Toolbox` मध्ये `Service area (from point)` आहे. त्याआधी रस्त्यांचा थर अक्षांश-रेखांशातून काढून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणायचा. करमाड ७२ ते ७८ पूर्व रेखांशांच्या पट्ट्यात येते, त्यासाठी `EPSG:32643`. मग:

```python
processing.run("native:serviceareafrompoint", {
  "INPUT": "raste_32643.gpkg",
  "STRATEGY": 1,
  "DIRECTION_FIELD": "oneway",
  "VALUE_FORWARD": "yes",
  "DEFAULT_DIRECTION": 2,
  "SPEED_FIELD": "veg",
  "START_POINT": karmad,
  "TRAVEL_COST2": 0.25,
  "OUTPUT_LINES": "TEMPORARY_OUTPUT"
})
```

`0.25` म्हणजे पाव तास. इथे वेळ तासांत मागतात. पहिल्या दिवशी मी तिथे सरळ १५ लिहिले होते. रुग्णवाहिकेला पंधरा तास मिळाले आणि तिने मी उतरवलेला सगळा नकाशा पालथा घातला. ही चूक ओळखायला सोपी आहे. खऱ्या सेवाक्षेत्राची कड फाटक्या गोधडीसारखी असते. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसली, तर समजा की वेळ संपण्याआधी तुमचा डेटा संपला.

यापुढच्या तीन चुका मात्र चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसालाही होतात.

पहिली, दुभाजकाची. हमरस्त्यावर दुभाजक असला, की नकाशात त्याच्या दोन वेगळ्या रेषा असतात, एक जाणारी आणि एक येणारी. `oneway` चा रकाना जोडला नाही, तर गाडी दोन्ही रेषांवरून दोन्ही दिशांनी धावते. जोडला, तर दुभाजकात मोकळी जागा येईपर्यंत तिला वळता येत नाही. रस्त्यापलीकडचे घर समोर दिसत असले, तरी तिथे जायला आधी पुढचा 'कट' गाठावा लागतो. चालक वेळप्रसंगी उलट्या दिशेने घुसतो हे खरे. पण स्थानकाचा आराखडा त्याच्या धाडसावर आखायचा नसतो.

दुसरी, सुरुवातीच्या टिंबाची. तुम्ही इमारतीवर टिंब देता. सॉफ्टवेअर त्याला जवळच्या रेषेला चिकटवते आणि इमारतीचे फाटक कोणत्या बाजूला उघडते ते विचारत नाही. टिंब पलीकडच्या पदराला चिकटले, की गाडी जन्मतःच उलट्या दिशेला तोंड करून निघते, आणि सेवाक्षेत्र एका बाजूला लोंबते. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर वेग सारखाच असून पूर्वेला क्षेत्र आखूड आणि पश्चिमेला लांब दिसले, तर आधी टिंब मोठे करून पाहावे.

तिसरी सर्वांत देखणी. या परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्यावर चढायला आणि उतरायला इंटरचेंजच लागतो, मध्येच कुठून शिरता येत नाही. गावरस्ते त्याच्याखालून किंवा वरून निघून जातात. कागदावर मात्र दोन रेषा एकमेकींवरून जाताना दिसतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये अशा जागी सामाईक बिंदू नसतो, त्यामुळे गाडी पुलावरून उडी मारत नाही. मग 'डेटा स्वच्छ करावा' अशी सद्बुद्धी कोणाला तरी होते. जिथे रेषा छेदतात तिथे तोडून गाठी मारणारे एखादे साधन तो चालवतो, आणि प्रत्येक पुलाखाली एक चौक तयार होतो.

परिणाम पाहण्यासारखा असतो. गाडी पाच मिनिटांत गावरस्त्याच्या पुलाखाली पोचते, तिथून सरळ वर चढते, आणि उरलेली दहा मिनिटे ताशी ८० ने महामार्गावर दोन्ही बाजूंना तेरा-तेरा किलोमीटर सुसाट जाते. सेवाक्षेत्राला दोन लांब शिंगे फुटतात. शिंगे दिसली, की त्यांच्या बुडाशी बोट ठेवावे आणि तिथे इंटरचेंज आहे का ते पाहावे. नसेल, तर ती तुमची रुग्णवाहिका नव्हे, ते पुष्पक विमान आहे.

पायरी ५ : घड्याळ उशिरा सुरू करा

पंधरा मिनिटे कुठून मोजायची? सोयीचे उत्तर असे, की गाडीचे चाक हलले तिथून. रुग्णाचे घड्याळ मात्र फोन लागला तिथून चालू होते. १०८ ला पत्ता सांगणे, निरोप स्थानकावर येणे, चालक आणि डॉक्टर गाडीत बसणे, या सगळ्याला वेळ जातो. आपण त्यातली फक्त शेवटची दोन मिनिटे धरू, निरोप मिळाल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंतची. दोन मिनिटे म्हणजे पंधरातला जेमतेम आठवा हिस्सा, नकाशावर दिसणारही नाही असे वाटते.

प्रवासाला उरतात तेरा. शंकरपाळी आता हमरस्त्याने १३ किलोमीटर आणि आडव्या दिशेने साडेसहा. क्षेत्रफळ १६९. दोन मिनिटांनी २२५ तले ५६ चौरस किलोमीटर खाल्ले, म्हणजे पुरता पाव भाग. वेळ कमी झाला की लांबी आणि रुंदी दोन्ही घटतात, म्हणून क्षेत्र दुप्पट वेगाने आटते. स्थानकाचे फाटक कुलूपबंद असणे आणि किल्ली चहाच्या टपरीवर असणे, याची किंमत चौरस किलोमीटरमध्ये सांगता येते ती अशी.

परकाराचे ७०७ आता १६९ वर आले आहेत. शंभरातले चोवीस. आणि यात पावसाळा अजून आलेला नाही.

पायरी ६ : मधल्या जागा रंगवून टाका

अवजार जे देते, ते असते रेषांचे जाळे: पोचता येणाऱ्या रस्त्यांचे तुकडे. मीटिंगला रेषा चालत नाहीत, रंग लागतो. त्यासाठी `Convex hull` नावाची सोय आहे. ती सगळ्या टोकांभोवती रबरबँड ताणते आणि आतले सगळे भरून टाकते. दोन रस्त्यांच्या मधले डोंगर, ओढे, पुलाविना अडलेले शिवार, सगळे हिरवे होते. शिंगे असतील, तर त्यांच्या टोकांमधली जागाही हिरवी होते. आधीच्या पायऱ्यांवर प्रामाणिकपणाने जे गमावले, ते इथे एका क्लिकवर बरेचसे परत मिळते.

प्रामाणिक पर्याय कंटाळवाणा आहे. रेषांना दोन्ही बाजूंनी दोनशे मीटरची पट्टी द्यायची आणि तेवढेच रंगवायचे. नकाशा झाडाच्या वाळक्या फांद्यांसारखा दिसतो. पण त्या पट्टीत किती घरे आहेत ते मोजता येते, आणि खरा प्रश्न तोच असतो. चौरस किलोमीटर फोन करत नाहीत.

मी माझा पहिला नकाशा रबरबँडने रंगवला होता. तो घेऊन करमाडच्या बाजूच्या एका गावी गेलो. तिथल्या आजोबांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला. त्यांची वस्ती हिरव्यात होती. "म्हणजे आमच्याकडं पंधरा मिनिटांत गाडी येणार?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "चला मग."

पांदणीने निघालो. माझी मोटारसायकल, मागे आजोबा. पहिले दोनशे मीटर मुरूम होता. मग काळी माती लागली. दोन दिवसांपूर्वीचा पाऊस, ट्रॅक्टरच्या चाकांनी गुडघाभर खोल चाकोऱ्या, मध्ये गवताची वरंबी. एका जागी बाभळीची फांदी आडवी आली होती आणि तिला वळसा घालायला पांदणीची एक बाजू कोणीतरी शेतात ढकलली होती. चाक रुतले, तेव्हा आजोबा उतरले आणि चालायला लागले. ते माझ्या आधी पोचले.

वस्तीवर पाच-सहा घरे. तिथल्या बाईंना विचारले, रात्री कोणी आजारी पडले तर काय करता? त्यांना माझा प्रश्न अडाणी वाटला. "काय करणार? बाजेवर नाहीतर ट्रॅक्टरवर घालून गावाच्या पाराजवळ आणायचं. फोनवर पत्ता वस्तीचा सांगतच नाही. पाराजवळ या, असं सांगतो."

म्हणजे तिथे दोन गाड्या एकमेकींकडे निघालेल्या असतात, एक १०८ ची आणि एक बाज. माझ्या नकाशात पहिलीच होती. त्यानंतर मी जाळ्यात पांदणींना रुग्णवाहिकेचा वेग देणे बंद केले. गावचा पार हे पोचण्याचे ठिकाण धरतो, आणि वस्ती ते पार ही वेळ वेगळ्या रकान्यात लिहितो, उन्हाळ्यातली एक आणि पावसाळ्यातली एक. तो रकाना कोणी मागत नाही. मी तो छापतो.

चुका शोधण्याचा एक नियम

इथवर आलात, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. परकार, रिकामा वेग, जोडायचा राहिलेला `oneway`, पुलाखालचा चौक, उशिरा सुरू झालेले घड्याळ, रबरबँड: या सगळ्या चुकांनी नकाशा मोठाच होतो.

लहान करणाऱ्या चुकाही असतात. दोन रेषांची टोके हातभर अंतराने सुटलेली असली, की पुढचे अख्खे गाव जाळ्यातून गळते. किंवा जिल्ह्याच्या हद्दीवर कात्री चालवली, की बदनापूरच्या बाजूची गावे जातात, जणू जालना जिल्ह्यातला अपघात करमाडच्या गाडीला दिसतच नाही. पण या चुका टिकत नाहीत. नकाशा भिंतीवर लागला, की एका तासात कोणीतरी येऊन विचारतो, "आमचं गाव का नाही?" मग तुम्ही शोधता, टोके जोडता, चूक सुधारते.

"आमचं गाव का आहे?" असे विचारायला कोणी येत नाही. नकाशा वाढवणारी चूक भिंतीवर सुखाने राहते. म्हणून तपासणी उलटी करायची. काठाच्या आतली, जेमतेम बसलेली चार गावे निवडायची आणि तिथे घड्याळ लावून जायचे. मधली गावे तपासण्यात अर्थ नाही, ती कुठल्याही नकाशात बसतात.

पायरी ७ : गाडी कायम जागेवर उभी आहे असे धरा

ही शेवटची पायरी, आणि ती तुम्ही न कळत पहिल्याच मिनिटाला केलेली आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने 'सुवर्ण तास' या शब्दाची व्याख्या आली: गंभीर इजा झाल्यानंतरचा तो एक तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाले तर मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते. आपली पंधरा मिनिटे त्या तासातला पहिला तुकडा. रुग्णवाहिका पोचल्यावर काम संपत नाही, सुरू होते. गंभीर रुग्ण असेल तर करमाडच्या बाजूने तो बहुधा छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात न्यावा लागतो.

आता गाडीच्या बाजूने एक फेरी मांडू, धड्यापुरती. निघायला २ मिनिटे. गावापर्यंत १२. रुग्णाला गाडीत घ्यायला १०. तिथून शहरातली गर्दी धरून घाटीपर्यंत ४५. रुग्ण सोपवणे, स्ट्रेचर परत मिळण्याची वाट पाहणे, गाडी पुसणे २०. परत करमाडला ४०. बेरीज १२९ मिनिटे, सव्वादोन तासांना थोडी कमी. दिवसाला अशा चार फेऱ्या झाल्या, तर ५१६ मिनिटे गाडी जागेवर नसते. दिवसाची १४४० मिनिटे धरली, तर शंभरातली ३६.

त्या वेळात करमाडच्या स्थानकाचे सेवाक्षेत्र ना ७०७ असते, ना १६९. ते शून्य असते. फोन आला तर गाडी पुढच्या स्थानकावरून निघते, आणि मग पंधरा मिनिटे हा शब्द तिला लागू होत नाही. म्हणून एका स्थानकाचा नकाशा एकटा काढायचा नसतो. शेजारच्या स्थानकांचेही काढायचे आणि एकावर एक ठेवायचे. जिथे दोन रंग चढतात, तिथे एक गाडी घाटीत असली तरी दुसरी येते. जिथे एकच रंग आहे, तिथे शंभरातल्या ३६ वेळा रंगच नाही. दुसरी गाडी कुठे उभी करायची, ते त्या एकरंगी पट्ट्यांवर लिहिलेले असते.

मीटिंगला मी आता दोन कागद नेतो. पहिल्यावर वाळक्या फांद्यांचा नकाशा असतो आणि शीर्षक असते, 'करमाड स्थानक, पंधरा मिनिटे, गाडी जागेवर असल्यास'. शेवटचे तीन शब्द शीर्षकाएवढ्याच अक्षरांत. दुसऱ्या कागदावर तीच हद्द, तेच रस्ते, तेच गाव, तीच पांदण असते, आणि रंग कुठेच नसतो. त्याचे शीर्षक, 'तेच स्थानक, गाडी घाटीत असताना'.

पहिल्या वेळी साहेबांनी दुसरा कागद उलटून पाहिला. मागे काही छापले आहे का, म्हणून.